'नळ्या बंद आहेत' : या तीन शब्दांच्या पुढे काय?

उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी भाची मंठ्याला माझ्याकडे आली. तिच्या हातात औषधाच्या दुकानातली एक प्लास्टिकची पिशवी होती आणि त्या पिशवीत चार वर्षांचे कागद. चहा झाला, मुलं बाहेर खेळायला गेली, तेव्हा तिने त्यातला शेवटचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

"खाला, हा इंग्रजीत आहे. तुम्ही वाचून सांगा. तिथे मला एवढंच सांगितलं की दोन्ही नळ्या बंद आहेत."

कागदावर खरोखर तेच लिहिले होते. गर्भाशय आकाराने व्यवस्थित, पण औषध दोन्ही बाजूंना गर्भाशयाच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन थांबले, नळ्यांमध्ये शिरले नाही. खाली डॉक्टरांची सही. हे तीन शब्द घरी पोहोचले आणि आठ दिवसांत तिच्या चुलत सासूने जेवताना सहज बोलावे तसे म्हटले, "मुलाचं वय निघून चाललं. शरीयतने दुसऱ्या निकाहची सोय कशासाठी ठेवली आहे?" जावई काही बोलला नाही. भाचीला त्याच्या गप्प बसण्याचेच जास्त लागले होते.

मी शाळेत शिकवते, डॉक्टर नाही. पण तिच्यासोबत जालन्याला दोनदा आणि पुढे छत्रपती संभाजीनगरला एकदा गेले. तिथल्या डॉक्टरबाईंना माझे सगळे प्रश्न विचारले आणि त्यांनी कंटाळा न करता उत्तरे दिली. तो कागद जेवढे बोलत होता त्याहून जास्त त्याच्याकडून वदवून घेतले गेले होते, हे त्यातून कळले. भाचीची परवानगी घेऊन, तिचे नाव न घेता, ते इथे लिहिते आहे. आपल्या किती तरी घरांत असाच एखादा कागद कपाटात पडलेला असेल.

नळी नेमके काय करते

गर्भाशय, म्हणजे आपण ज्याला पिशवी म्हणतो ती, साधारण उलट्या नाशपतीच्या आकाराची असते. तिच्या वरच्या दोन कोपऱ्यांतून दोन नळ्या निघतात. प्रत्येक नळी दहा-बारा सेंटिमीटर लांब, म्हणजे हाताच्या वितीपेक्षाही कमी. पिशवीजवळच्या टोकाला तिचे आतले छिद्र जेमतेम एक मिलिमीटर, कधी त्याहूनही बारीक असते. दुसरे टोक मात्र रुंद आणि झालरीसारखे असते आणि ते बीजकोशावर झुकलेले असते.

महिन्यातून एकदा बीजकोशातून स्त्रीबीज सुटते. ही झालर ते उचलून आत घेते. पतीकडून आलेले शुक्रजंतू पिशवीतून वर चढून नळीत येतात आणि दोघांची गाठ नळीच्या बाहेरच्या, रुंद भागात पडते. अनेकांना वाटते की गर्भ पिशवीत तयार होतो. तो पिशवीत वाढतो, पण त्याची सुरुवात नळीत होते. तिथून तो चार-पाच दिवसांत हळूहळू पिशवीत उतरतो. त्याला स्वतःचे हातपाय नसतात. नळीच्या आतल्या अस्तरावर अगदी सूक्ष्म केस असतात, ते एकाच दिशेने हलत राहतात आणि त्याला पुढे ढकलतात.

म्हणून नळीत दोन प्रकारचा बिघाड होऊ शकतो. एक, वाट पूर्ण बंद होणे. मग शुक्रजंतू आणि बीज भेटतच नाहीत. दोन, वाट उघडी राहून आतले केस झडणे. मग गर्भ तयार होतो पण पुढे सरकत नाही आणि नळीतच वाढू लागतो. हा दुसरा प्रकार जिवावर बेतू शकतो. त्याबद्दल शेवटी सांगते.

भाचीने डॉक्टरबाईंना पहिला प्रश्न विचारला तो असा, "माझी पाळी तर दर महिन्याला बरोबर तारखेला येते. मग नळ्या बंद कशा?" बाई म्हणाल्या, "पाळीचा आणि नळीचा काही संबंध नाही. पाळी पिशवीच्या अस्तरातून येते, तिचा हिशेब बीजकोश ठेवतो. दोन्ही नळ्या बंद असल्या तरी पाळी घड्याळासारखी येईल." बीजकोशही बीज सोडत राहतो, साध्या सोनोग्राफीत सगळे ठीक दिसते. उघडी नळी इतकी बारीक असते की साध्या सोनोग्राफीत ती सहसा दिसतही नाही. म्हणून "सोनोग्राफी नॉर्मल आहे" या वाक्यात नळ्यांबद्दल काहीच सांगितलेले नसते. भाचीच्या पिशवीत अशा पाच सोनोग्राफी होत्या.

नळी बंद का होते

डॉक्टरबाईंनी मग मागचा हिशेब विचारायला सुरुवात केली. लहानपणी अपेंडिक्स फुटले होते का? पोटाचे ऑपरेशन? घरात कुणाला क्षय? पाळीच्या आधी आणि पाळीत असह्य दुखते का? आणि याआधी कधी दिवस गेले होते का?

शेवटच्या प्रश्नावर भाची थबकली. निकाहच्या पहिल्याच वर्षी दोन-अडीच महिन्यांचा गर्भ पडला होता. त्यानंतर आठ-दहा दिवस ताप होता, ओटीपोटात दुखत होते, अंगावरून वास येणारे पाणी जात होते. घरात सर्वांनी तो अशक्तपणा समजला. मेथीचे लाडू झाले, काढा झाला, डॉक्टरकडे कुणी नेले नाही. ताप आपोआप उतरला आणि सगळे ते विसरून गेले. उलट घरात असेच म्हटले जायचे की एकदा दिवस गेले होते, म्हणजे नळ्या उघड्या आहेतच.

"त्या वेळी उघड्या होत्या," बाई म्हणाल्या. "प्रश्न त्या तापानंतरचा आहे."

गर्भपात किंवा बाळंतपणानंतर जंतू पिशवीतून वर चढतात आणि नळीच्या नाजूक अस्तराला सूज येते. ताप उतरतो, पण आतल्या भिंती एकमेकींना चिकटून राहतात. वर्षांनंतर त्याचा पत्ता लागतो तो मूल होत नाही म्हणून. पती-पत्नीच्या संबंधातून येणारे काही जंतुसंसर्गही हेच करतात आणि त्यातले कित्येक कसलीही लक्षणे न दाखवता. तसे निदान झाले तर औषध दोघांनी एकाच वेळी घ्यावे लागते. एकट्या बायकोने घेतले तर आजार परत येतो.

आपल्या देशात आणखी एका कारणाचा विचार करावाच लागतो. ते म्हणजे क्षय. छातीतले क्षयाचे जंतू रक्तातून नळ्यांपर्यंत जाऊ शकतात. स्त्रीच्या जननेंद्रियांना क्षय होतो तेव्हा नळ्या जवळजवळ प्रत्येक वेळी त्यात सापडतात. यात खोकला असेलच असे नाही, वजनही घटेलच असे नाही. कधी पाळीतला स्राव कमी होतो, कधी काहीच होत नाही. अनेकदा मूल न होणे हेच एकमेव लक्षण असते. भाचीच्या लहानपणी तिच्या दादीला क्षय झाला होता आणि ती दादीच्याच खोलीत झोपायची. घरात हे कधी बोलले गेले नव्हते. डॉक्टरबाईंनी ते कागदावर ठळक लिहून घेतले.

क्षयाची शंका असेल तर पिशवीच्या अस्तराचा तुकडा काढून तपासतात. फक्त रक्ताच्या तपासणीवरून किंवा एकाच चाचणीत जंतूचा अंश सापडला म्हणून सहा महिन्यांची औषधे सुरू करण्याची घाई बरी नव्हे. निदान पक्के झाले की सरकारी दवाखान्यात औषधे मोफत मिळतात आणि नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिन्याला १००० रुपये रुग्णाच्या खात्यात जमा होतात. औषधाने क्षय बरा होतो, पण एकदा व्रण पडून आक्रसलेली नळी पूर्वीसारखी होत नाही. हे ऐकायला कडू आहे, पण खरे आहे.

नळीचा फोटो कसा काढतात

नळ्या उघडी आहेत की बंद हे पाहण्याची पहिली तपासणी म्हणजे एच.एस.जी. बायका तिला 'डाय टेस्ट' किंवा 'नळीचा फोटो' म्हणतात. 'पिशवी साफ करणे' वेगळे, त्यात अस्तर खरवडतात. नळीच्या फोटोत काही खरवडत किंवा कापत नाहीत. भाचीच्या फाइलमध्ये दोनदा 'पिशवी साफ केल्याचे' कागद होते आणि घरचे त्यालाच नळ्यांची तपासणी समजत होते.

ही तपासणी पाळी थांबल्यावर करतात. पाळीचा पहिला दिवस धरून साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या आत. याला कारण आहे. तेव्हा बीज सुटलेले नसते, म्हणून पोटात नुकताच राहिलेला गर्भ असण्याची भीती नसते. पाळी सुरू झाल्यापासून तपासणी होईपर्यंत पती-पत्नीने संबंध ठेवू नयेत असे सांगतात तेही याचसाठी. रक्तस्राव चालू असेल, अंगावरून वास येणारे पाणी जात असेल किंवा ताप असेल तर तपासणी पुढे ढकलतात, कारण खालचे जंतू औषधासोबत वर ढकलले जाऊ शकतात. पूर्वी संसर्ग झालेला असेल तर डॉक्टर आधी प्रतिजैविक देतात. आयोडीनच्या औषधाची किंवा इतर कशाची ॲलर्जी असेल तर ती आधीच सांगावी. आणि साधारण तासभर आधी वेदनाशामक गोळी घ्यायची असते. ही गोळी पुढे आपल्या गोष्टीत महत्त्वाची ठरणार आहे.

तपासणी क्ष-किरणाच्या खोलीत होते. टेबलावर पाठीवर झोपायचे, गुडघे वाकवायचे, वरून चादर असते. अंतर्गत तपासणीसाठी वापरतात तेच उपकरण लावून पिशवीचे तोंड पाहतात, ते स्वच्छ करतात आणि एक बारीक नळी आत सरकवतात. तिच्यातून साधारण दहा मिलिलिटरपर्यंत औषध हळूहळू सोडतात. नाव 'डाय' असले तरी याला रंग नसतो. हे पाण्यासारखे, आयोडीन असलेले द्रव असते आणि क्ष-किरणात पांढरे दिसते. औषध पिशवीत भरते, मग नळ्यांत शिरते आणि नळ्या उघड्या असतील तर दुसऱ्या टोकातून पोटाच्या पोकळीत सांडते. हे चालू असताना पडद्यावर पाहतात आणि तीन-चार फोटो घेतात. सगळे मिळून दहा-पंधरा मिनिटे. सांडलेले औषध शरीर आपोआप शोषून लघवीवाटे बाहेर टाकते.

औषध भरताना पाळीसारखा, कधी त्याहून जोराचा पिळा येतो. तो बहुधा काही मिनिटांत ओसरतो. कुणाला क्षणभर चक्कर येते, म्हणून लगेच उठू नये. एक-दोन दिवस थोडे डाग जातात. पण नंतर ताप आला, दुखणे कमी होण्याऐवजी वाढत गेले किंवा वास येणारा स्राव सुरू झाला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पहिल्या वेळी ताप अंगावर काढला तसे पुन्हा करायचे नाही.

पडद्याचा प्रश्न अनेक भगिनींना अडवतो. दिवस ठरवतानाच विचारावे की औषध सोडणाऱ्या डॉक्टर स्त्री आहेत का. बहुतेक ठिकाणी हे काम स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा क्ष-किरणतज्ज्ञ करतात आणि स्त्री डॉक्टर मिळवता येते. पुरुष डॉक्टरच असतील तर सोबत परिचारिका हवी असे स्पष्ट सांगता येते. क्ष-किरणांमुळे नातेवाइकांना आत थांबू देत नाहीत, म्हणून हे बोलणे बाहेरच उरकून घ्यावे. रमजान तोंडावर असेल तर तारीख आधीच्या किंवा नंतरच्या पाळीत धरावी. तपासणीला एका महिन्याने काही बिघडत नाही.

आणि एक गोष्ट या सगळ्याच्या आधीची. पतीची वीर्यतपासणी. दोन ते सात दिवसांच्या अंतराने दिलेला नमुना, एक कागद, सुईसुद्धा नाही. आमच्या जावयाची ही तपासणी तीन वर्षे झालीच नव्हती, डॉक्टरबाईंनी हट्टाने करवून घेतली. ती ठीक आली. पण ती ठीक नसती तर भाचीने पाच सोनोग्राफी आणि दोनदा पिशवी साफ करणे हे कशासाठी सोसले, याचे उत्तर कुणाकडे होते?

फोटोत काय दिसते

डॉक्टरबाईंनी भाचीची फिल्म उजेडासमोर धरली आणि आम्हाला दाखवली. मधे पांढरा त्रिकोण, ती पिशवी. एरवी त्याच्या वरच्या दोन कोपऱ्यांतून दोरा निघावा तशा दोन बारीक पांढऱ्या रेघा निघतात, पुढे थोड्या रुंद होतात आणि टोकाशी धुरासारखा पांढरा डाग पसरतो. तो डाग म्हणजे बाहेर सांडलेले औषध. तो दिसला की नळी उघडी.

नळी बाहेरच्या टोकाशी बंद असेल तर रेघ दिसते, ती फुगत जाते, पण धूर दिसत नाही. आत पाणी साठून नळी सॉसेजसारखी फुगलेली दिसते. क्षयाने खराब झालेली नळी कधी माळेतल्या मण्यांसारखी, कधी ताठ काडीसारखी दिसते. भाचीच्या फोटोत यातले काहीच नव्हते. नुसता त्रिकोण, दोन्ही कोपरे मिटलेले.

"तपासणीच्या वेळी खूप दुखलं का?" बाईंनी विचारले.

"खूप. औषध सोडलं तसा असा पिळा आला की मी ओरडलेच. मग त्यांनी थांबवलं. दोनच फोटो काढले."

"आधी गोळी घेतली होती?"

"नाही. कुणी सांगितलंच नाही."

बाईंनी फिल्म खाली ठेवली. "मग हा कागद अर्धाच आहे असं समज."

त्यांनी समजावले ते असे. नळीचे पिशवीतले टोक स्नायूच्या जाड भिंतीतून जाते. दुखले किंवा भीतीने अंग आखडले की तो स्नायू आवळतो आणि ते एक मिलिमीटरचे छिद्र तेवढ्यापुरते मिटते. औषध आत जात नाही आणि फोटोत नळी बंद दिसते. कधी छिद्रात नुसता चिकट स्राव अडकलेला असतो. म्हणजे पिशवीच्या कोपऱ्यावर, विशेषतः दोन्ही बाजूंना, बंद दिसलेली नळी खरोखर बंद असेलच असे नाही. अशा बऱ्याच स्त्रियांची तपासणी पुन्हा शांतपणे केली तर निदान एक नळी उघडी निघते. बाहेरच्या टोकाशी फुगून बंद दिसलेल्या नळीचे तसे नसते, तो निष्कर्ष जास्त भरवशाचा.

उलट बाजूही त्यांनी सांगितली. नळी उघडी दिसली म्हणजे सगळे छान, असेही नाही. बाहेरून ती आतड्याला चिकटलेली असेल तर झालर बीजापर्यंत पोहोचत नाही, ते फोटोत नीट कळत नाही. आतले केस काम करतात का, तेही कळत नाही. ही तपासणी वाट आहे की नाही एवढेच सांगते, त्या वाटेवरून चालता येते का हे सांगत नाही.

दुर्बिणीतून

पुढे दोन मार्ग होते. एक, गोळी घेऊन नळीचा फोटो पुन्हा काढणे. दुसरा, पोटावर दोन-तीन लहान छिद्रे पाडून दुर्बिणीने पाहणे. दुर्बिणीसाठी पूर्ण भूल द्यावी लागते, खर्च आणि जोखीम जास्त, म्हणून सरसकट ती करत नाहीत. पण भाचीच्या मागे तो जुना ताप होता आणि दादीचा क्षय होता. डॉक्टरबाईंनी दुर्बीण सुचवली आणि छत्रपती संभाजीनगरला पाठवले.

तिथल्या डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधी दोघांना समोर बसवून एक प्रश्न विचारला, तो मला फार महत्त्वाचा वाटला. "आत एखादी नळी पाण्याने फुगलेली, निकामी दिसली तर ती काढू का? भूल दिल्यावर तुम्हाला विचारता येणार नाही." निकामी नळी ठेवून काय बिघडते, असे जावयाने विचारले. त्या नळीतले साठलेले पाणी झिरपून पिशवीत येते आणि दुसऱ्या नळीतून किंवा टेस्ट ट्यूबने आलेला गर्भही रुजू देत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. दोघांनी बाहेर जाऊन बोलून घेतले, आत येऊन सही केली. त्या दिवशी जावई पहिल्यांदा बोलला. "दुसरी चांगली असेल तरच काढा," एवढेच म्हणाला, पण ते दोघांच्या वतीने म्हणाला.

दुर्बिणीच्या वेळी खालून सोडतात ते औषध मात्र खरोखर निळ्या रंगाचे असते. भूल दिली की स्नायू सैल पडतात. निळा रंग दोन्ही नळ्यांत शिरला. फोटोत ज्या मिटलेल्या दिसल्या होत्या त्याच दोन्ही नळ्या. उजव्या नळीच्या टोकातून तो सरळ बाहेर आला. डावी मात्र निळी होऊन फुगत गेली आणि टोकातून थेंबही आला नाही. त्या जुन्या तापाने तिचे टोक चिकटून गेले होते. सही घेतली होती त्याप्रमाणे डावी नळी काढली, ती आणि पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. क्षय निघाला नाही.

म्हणजे पहिला अहवाल उजव्या बाजूला चुकला होता आणि डाव्या बाजूला बरोबर असूनही जागा चुकला होता. त्या एका कागदावर संसार मोडण्याची भाषा झाली होती.

दोन्ही नळ्या खरोखर बंद असत्या तर?

भाचीने हे ऑपरेशनच्या आधीच विचारले होते. पिशवीच्या कोपऱ्यातला अडथळा कधी बारीक तार घालून उघडता येतो. बाहेरच्या टोकाचा थोडका अडथळा दुर्बिणीने सोडवता येतो. पण नळी फार खराब असेल तर ती दुरुस्त करण्यात वेळ घालवण्यापेक्षा तिला वळसा घालणे बरे. टेस्ट ट्यूब बेबी म्हणजे हाच वळसा. बीज सुईने थेट बीजकोशातून घ्यायचे, पतीच्या शुक्रजंतूंशी त्याची गाठ बाहेर काचेच्या बशीत घालून द्यायची आणि तीन ते पाच दिवसांनी गर्भ पिशवीत सोडायचा. नळीचे काम प्रयोगशाळा करते.

ही पद्धत निघाली तीच बंद नळ्यांसाठी. जगातले पहिले असे बाळ, लुईस ब्राउन, २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधल्या ओल्डहॅम गावी जन्मले. तिच्या आईच्या दोन्ही नळ्या बंद होत्या आणि नऊ वर्षे मूल नव्हते. आपल्या महाराष्ट्रात ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून असे बाळ जन्मले. त्याच वर्षी, १९८६ मध्ये, अम्मान येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने या विषयावर ठराव केला. बीज पत्नीचे, शुक्रजंतू तिच्याच पतीचे आणि गर्भ त्याच पत्नीच्या पोटात, एवढ्या मर्यादेत गरज असेल तर ही पद्धत जायज मानली आणि तिसऱ्या कुणाचे बीज, शुक्रजंतू किंवा पोट आणणे नाजायज ठरवले. ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे, आणि दवाखान्यातही ही अट लेखी नमूद करून घ्यावी. खर्च मोठा असतो आणि प्रत्येक प्रयत्नाला यश येतेच असे नाही, हेही आधी समजून घ्यावे.

भाचीचे पुढे

एक नळी चांगली, वय सत्तावीस, पतीचा कागद ठीक. डॉक्टरबाईंनी वर्षभर नैसर्गिकरीत्या वाट पाहायला सांगितले आहे. एक सूचना मात्र त्यांनी दोघांकडून पाठ करून घेतली. ज्या स्त्रीच्या नळ्यांना कधी इजा झाली आहे तिची पाळी चुकली तर आठवडाभरात तपासणी करून गर्भ पिशवीतच आहे ना हे सोनोग्राफीने पाहायचे. पाळी चुकल्यावर पोटात एका बाजूला जोराने दुखू लागले, डाग जाऊ लागले, चक्कर आली किंवा खांद्यात दुखू लागले तर गर्भ नळीत असू शकतो. नळी फुटली तर रक्त पोटात जाते. अशा वेळी मंठ्याहून जालन्याचे साठ-पासष्ट किलोमीटर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री कापायचे.

मूल अजून झालेले नाही. होईल की नाही हे अल्लाहच्या हातात आहे आणि डॉक्टरबाईंनीही कुठला वायदा केलेला नाही. पण गेल्या ईदला मी त्यांच्या घरी गेले होते. चुलत सासूने पुन्हा तोच विषय काढला, तेव्हा जावई शीरखुर्म्याचा वाडगा खाली ठेवून म्हणाला, "चाची, कागद मी स्वतः वाचलाय. एक नळी उघडी आहे. आणि दोन्ही बंद असत्या तरी इलाज आम्ही दोघांनीच करायचा होता."

भाची आत स्वयंपाकघरात होती. तिने ते ऐकले. ती प्लास्टिकची पिशवी आता कपाटात नाही, नीट फाइल करून जावयाने स्वतःकडे ठेवली आहे. पहिल्या पानावर त्याचा स्वतःचा तपासणीचा कागद लावला आहे.